दुपारी एक ते पाच

समजा, पुण्यात कोथरूडला एक दातांचा दवाखाना आहे. डॉक्टरांनी आसपासच्या पाच किलोमीटरपुरती गूगलवर जाहिरात दिली आणि चार आठवड्यांत सहा हजार रुपये खर्च केले. महिनाअखेरीस त्यांनी गूगलवरच्या आपल्या बिझनेस प्रोफाइलमधला ‘परफॉर्मन्स’ विभाग उघडला. आधीच्या चार आठवड्यांत ६० कॉल होते, आता १००. ‘डायरेक्शन्स’ मागणारे ९० होते, आता १२०. डॉक्टर खूश. चाळीस कॉल वाढले, म्हणजे एक कॉल दीडशे रुपयांना पडला!

पण इथे ‘कॉल’ म्हणजे कॉलच्या बटणावर पडलेलं बोट. फोन लागला का, कोणी उचलला का, हे त्या आकड्यात नसतं. डायरेक्शन्सचंही तसंच. रस्ता विचारणाऱ्यांत जुने पेशंट असतात, कुरिअरवाला असतो, औषध कंपनीचा प्रतिनिधीही असतो. मोठ्या दुकानांना जाहिरातीमुळे किती लोक आत आले याचा अंदाज गूगल देतं, पण आरोग्य हा नाजूक विषय असल्याने दवाखान्यांना ती सोय नाही. तेव्हा आत आलेलं माणूस मोजायचं ते रिसेप्शनच्या वहीतच.

वही काय म्हणते? नवे पेशंट आधी १४, आता १९. पाचच वाढले. म्हणजे एक नवा पेशंट बाराशेला पडला. त्यांतल्या दोघांनी रूट कॅनाल करून घेतलं तर सौदा फायद्याचा. पाचही जण तीनशे रुपये देऊन नुसते तपासून गेले तर घाट्याचा.

मग बाकीचे कॉल गेले कुठे? रिसेप्शनच्या मोबाइलमधली मिस्ड कॉलची यादी पाहिली, तर अनोळखी नंबरांवरून आलेले सोळा फोन दुपारी एक ते पाचमधले. त्या वेळी दवाखाना बंद, जाहिरात मात्र चालूच. परत फोन कोणीच केला नव्हता. दाढ ठणकत असलेला माणूस पाचपर्यंत वाट पाहत नाही. तो यादीतला पुढचा नंबर फिरवतो.

उपाय साधे होते. जाहिरातीची वेळ सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ अशी बांधून घेतली. चुकलेल्या प्रत्येक नंबरावर पाच वाजता फोन करायचा, असं ठरलं. वहीत एक रकाना वाढला: ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ बरेच जण नुसतं ‘गूगल’ म्हणतात. ते जाहिरात पाहून आले की फुकटची नोंद पाहून, हे त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून तुलना जाहिरातीआधीच्या आणि नंतरच्या पूर्ण आठवड्यांचीच करायची, आणि मध्ये गणपती किंवा दिवाळी आली असेल तर ते आठवडे वगळायचे.

पुढच्या महिन्यात स्क्रीनवरचे कॉल कमी दिसले, तरी डॉक्टरांनी घाबरू नये. आधी वही उघडावी.