हॅझॉप अभ्यासातील मार्गदर्शक शब्द : विचलनापासून कारणापर्यंत

सारांश : रासायनिक प्रक्रियेतील संभाव्य धोके शोधण्यासाठी ‘हॅझर्ड अँड ऑपरेबिलिटी स्टडी’, म्हणजेच हॅझॉप, ही पद्धती वापरली जाते. मोजक्या मार्गदर्शक शब्दांच्या साहाय्याने विचलने आणि त्यांची कारणे कशी शोधली जातात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात अमेरिकेतील २००७ सालच्या एका दुर्घटनेच्या आधारे केले आहे.

प्रस्तावना

हॅझॉप पद्धतीचा उगम १९६० च्या दशकात ब्रिटनमधील इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत झाला. तिच्यामागील गृहीतक साधे आहे. प्रत्येक यंत्रभागाकडून रचनाकाराची काही अपेक्षा असते. त्या अपेक्षेपासून प्रक्रिया ढळली, तरच धोका उद्भवतो. या ढळण्यास ‘विचलन’ म्हणतात. विचलने सुचतील तशी न नोंदवता क्रमाने शोधावीत, यासाठी सात मूळ शब्द निश्चित केलेले आहेत : ‘नाही’, ‘अधिक’, ‘कमी’, ‘त्याखेरीज आणखी’, ‘अंशतः’, ‘उलट’ आणि ‘ऐवजी दुसरेच’. घाणपद्धतीच्या म्हणजे बॅच प्रक्रियेत ‘लवकर’, ‘उशिरा’, ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे कालवाचक शब्दही घेतले जातात.

हे शब्द प्रवाह, तापमान, दाब, पातळी अशा प्राचलांशी जोडले की विचलन तयार होते. उदाहरणार्थ, ‘नाही’ आणि ‘प्रवाह’ मिळून ‘प्रवाहच नाही’. काही जोड्या निरर्थक ठरतात. ‘उलट तापमान’ याला अर्थ नाही, म्हणून ती जोडी सोडून दिली जाते. प्रक्रिया अभियंता, रसायनतज्ज्ञ, उपकरणतज्ज्ञ आणि प्रत्यक्ष यंत्र चालविणारा कामगार असा गट आराखडा समोर ठेवून एकेका भागाचा विचार करतो. प्रत्येक विचलनासाठी कारणे, परिणाम, उपलब्ध संरक्षण आणि शिफारस अशी नोंद केली जाते.

अभ्यासासाठी निवडलेली प्रक्रिया

फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे टी-टू लॅबोरेटरीज हा लहान कारखाना पेट्रोलमध्ये मिसळण्याचे ‘एमसीएमटी’ हे मँगनीजयुक्त संयुग तयार करीत असे. पहिल्या टप्प्यात डायग्लाईम या द्रावकामध्ये सोडियम धातू आणि मिथाइलसायक्लोपेंटाडाईन यांची अभिक्रिया होई व हायड्रोजन वायू बाहेर पडे. ही अभिक्रिया उष्मादायी आहे. मिश्रण सुमारे १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून बाहेरची उष्णता बंद करीत. पुढे अभिक्रियेच्या स्वतःच्या उष्णतेने तापमान चढे, आणि सुमारे १८२ अंशांवर रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये पाणी सोडण्यास प्रारंभ होई. ते पाणी उकळून वाफेच्या रूपाने उष्णता वाहून नेत असे.

१९ डिसेंबर २००७ रोजी १७५ वी घाण सुरू असताना कामगारांनी दुपारी १ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास मालकांना कळविले की, रिॲक्टर थंड होत नाही. दहा मिनिटांनी रिॲक्टरचा स्फोट झाला. त्यात ४ जण मृत्युमुखी पडले आणि ३२ जण जखमी झाले. या घटनेची चौकशी अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने केली.

पहिले विचलन : ‘प्रवाह नाही’

जॅकेटमधील पाणी हा आपण अभ्यासाचा एक भाग मानू. त्याच्याकडून अपेक्षा अशी की, १८२ अंशांवर पाणी यावे आणि आवश्यक तेवढी उष्णता न्यावी. ‘प्रवाह नाही’ किंवा ‘प्रवाह कमी’ या विचलनाची कारणे गटाने विचारात घेतली असती, तर पुढील यादी हाती आली असती : पाण्याची झडप बंद राहणे किंवा अर्धवट उघडणे, ती झडप चालविणाऱ्या हवेच्या यंत्रणेत बिघाड होणे, नळात अडथळा येणे, निचऱ्याची झडप उघडी राहून पाणी वाहून जाणे, क्षार साचणे, तापमापक चुकीचे दाखवीत असल्याने पाणी वेळेवर न सोडले जाणे. चौकशी मंडळानेही संभाव्य कारणे म्हणून जवळपास याच बाबी नोंदविल्या. त्यांपैकी नेमके कोणते कारण घडले, हे मात्र निश्चित होऊ शकले नाही.

कारणे भिन्न असली, तरी त्यांचा परिणाम एकच होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘उपलब्ध संरक्षण’ या रकान्यात लिहिण्यासारखी शीतकरणाची दुसरी कोणतीही व्यवस्था नव्हती. म्हणजेच नेमके कारण ठाऊक नसतानाही पर्यायी शीतकरणाची शिफारस करता आली असती.

दुसरे विचलन : ‘तापमान अधिक’

‘तापमान अधिक’ हे विचलन घेतले की, गटप्रमुख स्वाभाविकपणे विचारतो, “किती अधिक झाल्यावर काय होईल?” या प्रश्नाचे उत्तर आराखड्यात मिळत नाही. त्यासाठी मिश्रणाची उष्मामापी चाचणी आवश्यक असते. दुर्घटनेनंतरच्या चाचण्यांत असे आढळले की, सुमारे १९९ अंशांच्या वर सोडियम आणि डायग्लाईम यांच्यात दुसरी, अधिक तीव्र उष्मादायी अभिक्रिया सुरू होते. शीतकरणाचा प्रारंभ आणि हा उंबरठा यांत अवघे १७ अंशांचे अंतर होते. मालकांना या दुसऱ्या अभिक्रियेची जाणीव नव्हती.

तिसरे विचलन : ‘दाब अधिक’

येथे संरक्षण म्हणून रप्चर डिस्क होती. ती प्रति चौरस इंच ४०० पौंड दाबाला फुटणार होती. परंतु हॅझॉपमध्ये संरक्षणाचे केवळ नाव लिहिणे पुरेसे नसते. ते कोणत्या परिस्थितीसाठी आकारलेले आहे, हे विचारावे लागते. ही व्यवस्था नेहमीच्या हायड्रोजन निर्मितीचा विचार करून आकारली होती, अनियंत्रित अभिक्रियेचा नव्हे. मंडळाच्या निष्कर्षानुसार ती ७५ पौंडांना फुटली असती, तर पहिल्या अभिक्रियेच्या काळातच द्रव्य बाहेर पडून दुसरी अभिक्रिया टळली असती. दुसरी अभिक्रिया एकदा सुरू झाल्यावर मात्र ही वाट अपुरी ठरली.

पद्धतीच्या मर्यादा

हॅझॉप रसायनशास्त्राचे नवे ज्ञान निर्माण करीत नाही. गटाला १९९ अंशांचा आकडा मार्गदर्शक शब्दांतून सापडला नसता. तो ठाऊक नाही, एवढेच उघड झाले असते. म्हणून नोंदवहीतील अनुत्तरित प्रश्न हेही अभ्यासाचे फलित मानले पाहिजे. ‘परिणाम गंभीर नाही’ असे अनुमानाने लिहून तो रकाना भरणे ही या पद्धतीतील सर्वांत घातक चूक होय.

दुसरी मर्यादा काळाची आहे. अभ्यास ज्या स्थितीत केला, त्या स्थितीपुरताच तो खरा असतो. या कारखान्यात २००५ मध्ये ४२ व्या घाणीपासून घाणीचे आकारमान एक-तृतीयांशाने वाढविण्यात आले. द्रव्य वाढले की, निर्माण होणारी उष्णता त्याच प्रमाणात वाढते, पण ती वाहून नेणारा जॅकेटचा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढत नाही. अशा बदलानंतर ‘द्रव्य अधिक’ हे विचलन नव्याने तपासणे अपरिहार्य ठरते.

निष्कर्ष

कारखान्याच्या एका सल्लागाराने २००१ मध्येच हॅझॉपची गरज नोंदविली होती, परंतु तो अभ्यास झाल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. उत्पादनाच्या पहिल्या दहा घाणींपैकी तिघींत अनपेक्षित उष्णतावाढ दिसली होती. म्हणजे ‘तापमान अधिक’ हे विचलन कल्पनेतले नव्हते. ते प्रत्यक्ष घडून गेले होते, आणि तरीही त्याच्या कारणाचा मागोवा शेवटपर्यंत घेतला गेला नाही. प्रक्रिया अनेकदा सुखरूप पार पडली, यावरून ती सुरक्षित आहे असे अनुमान निघत नाही. येथे १७४ घाणी पार पडल्या होत्या. मार्गदर्शक शब्दांचे कार्य इतकेच की, अनुभवाने आलेली ही निश्चिंती बाजूला ठेवून प्रत्येक अपेक्षेला ‘तसे झाले नाही तर?’ हा प्रश्न विचारणे गटाला भाग पडावे.