पहिले आठ बाइट

स्कॅन केलेली गुणपत्रिका उघडत नाही. फाइलचं नाव ठीक, आकारही काही लाख बाइट, तरी चित्र दाखवणारा प्रोग्राम ‘हा प्रकार ओळखता येत नाही’ म्हणतो. अशा वेळी फाइलची एक प्रत काढावी आणि ती प्रतच हेक्स एडिटरमध्ये उघडावी. विंडोजवर HxD मोफत मिळतो. डावीकडे फाइलचा एकेक बाइट दोन अंकी हेक्स आकड्यांत दिसतो आणि उजवीकडे त्यातली वाचता येण्याजोगी अक्षरं.

पीएनजी चित्राची सुरुवात ठरलेली असते. पहिले आठ बाइट सगळ्या पीएनजी फाइल्समध्ये सारखेच असतात. आपल्या फाइलची पहिली ओळ मात्र अशी निघाली:

```
00 00 00 00 0D 0A 1A 0A 00 00 00 0D 49 48 44 52
```

शेवटचे चार बाइट उजवीकडे IHDR असे वाचता येतात. पीएनजीचा पहिला विभाग याच नावाचा असतो, म्हणजे तो जागेवर आहे. आता फाइलच्या शेवटी जावं. तिथे IEND दिसलं, तर शेपूटही शाबूत आहे. बिघडले आहेत ते फक्त पहिले चार. त्यांवर 89 50 4E 47 टाइप करून सेव्ह करायचं. टाइप करताना जुन्या बाइटवर नवा चढायला हवा. नवा बाइट मध्ये घुसला, तर पुढचं सगळं एक घर सरकतं आणि फाइल आणखी बिघडते. दुरुस्तीआधी आणि नंतर फाइलचा आकार तोच आहे ना, हे पाहिलं की खात्री पटते.

सुरुवातीला FF D8 FF दिसलं तर काही दुरुस्त करू नका. ती जेपेग फाइल आहे, कुणीतरी .png नाव दिलंय. नाव बदला, उघडेल.

खरी फसवी आहे ती ही सुरुवात:

```
89 50 4E 47 0A 1A 0A
```

इथे 0D गळाला आहे. फाइल पाठवताना कुठल्यातरी प्रोग्रामने तिला साधा मजकूर समजून ओळ संपल्याची खूण बदलली. हा घोटाळा लगेच पकडता यावा म्हणूनच पीएनजी रचणाऱ्यांनी 0D 0A ही जोडी मुद्दाम सुरुवातीला ठेवली, हे मला त्यांचं मोठं शहाणपण वाटतं. तो बाइट परत घालून सुरुवात बरोबर होते, पण चित्र येत नाही. कारण आत जिथे जिथे ही जोडी होती, तिथूनही 0D गेलेला असतो आणि उरलेल्या 0A पैकी कुठला मुळातच एकटा होता, हे पाहून कळत नाही. तिथे एडिटर बंद करून मूळ फाइल पुन्हा मागवावी, एफटीपीने येणार असेल तर बायनरी मोडमध्ये.

आणि खाली खाली जात सगळीकडे 00 च दिसत असतील, तर त्या फाइलमध्ये चित्र उरलेलंच नाही. सुरुवात कितीही बरोबर लिहिली तरी ते परत येणार नाही.