नोनोग्राम: अंदाज बांधण्याआधी ओव्हरलॅप, फट आणि कड

या पाठात आपण ८ × ८ घरांचे एक नोनोग्राम कोडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवणार आहोत, तेही एकदाही अंदाज न बांधता. कागद, पेन्सिल घेऊन चौकट आखून घ्या आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतः घरे भरा. नुसते वाचून हा पाठ फारसा हाती लागणार नाही.

हा प्रकार १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये तयार झाला. नॉन इशिदा या रचनाकाराच्या नावावरून त्याला ‘नोनोग्राम’ म्हणतात. नियम दोनच आहेत. प्रत्येक आडव्या ओळीचे आणि उभ्या स्तंभाचे अंक त्यातील सलग भरलेल्या घरांच्या गटांची लांबी त्याच क्रमाने सांगतात, आणि दोन गटांमध्ये निदान एक घर रिकामे असते. म्हणजे एखाद्या ओळीला ‘२ १’ असे अंक असतील, तर डावीकडून आधी दोन सलग घरे, मग एक किंवा अधिक रिकामी घरे आणि मग एक घर.

आपले कोडे असे आहे:

```
ओळी (वरून खाली)    : ३ | २ १ | ३ | २ १ | ६ | ५ | ३ | १
स्तंभ (डावीकडून)     : १ | ३ | १ ४ | ७ | ४ | ३ | २ | २
```

सुरुवातीलाच सर्व ओळींच्या अंकांची आणि सर्व स्तंभांच्या अंकांची बेरीज करून पाहा. इथे दोन्ही २७ येतात. त्या वेगळ्या आल्या तर अंक उतरवून घेताना कुठेतरी चूक झाली आहे आणि पुढची मेहनत वाया जाणार, हे आधीच कळते.

ओव्हरलॅप

ओळ ५ मध्ये ६ घरांचा एकच गट आहे. तो डावीकडे पूर्ण सरकवला तर १ ते ६ ही घरे व्यापतो, उजवीकडे सरकवला तर ३ ते ८. गट कुठेही असला तरी ३ ते ६ ही घरे त्यात येणारच, म्हणून ती भरायची.

दरवेळी चित्र काढून पाहायला नको, त्यासाठी एक हिशोब आहे. ओळीची लांबी घ्या, त्यातून सर्व अंक आणि त्यांच्यामधली किमान एकेक रिकामी घरे वजा करा. जे उरते ती त्या ओळीतली ‘सैल जागा’. ज्या गटाची लांबी सैल जागेपेक्षा जास्त आहे, त्याची तेवढी जास्तीची घरे नक्की होतात. स्तंभ ३ पाहा: अंक १ आणि ४, मध्ये एक रिकामे घर, एकूण ६. सैल जागा ८ − ६ = २. चारच्या गटाची ४ − २ = २ घरे नक्की. गट वर ढकलला तर तो ओळ ३ ते ६ मध्ये बसतो, खाली ढकलला तर ५ ते ८ मध्ये. म्हणून ओळ ५ आणि ६ ची घरे भरायची. एकचा गट मात्र दोनपेक्षा लहान आहे, त्याचे काहीच नक्की होत नाही.

याच पद्धतीने स्तंभ ४ (अंक ७) मध्ये ओळ २ ते ७ भरतात आणि ओळ ६ (अंक ५) मध्ये घर ४ व ५. बाकी ओळी-स्तंभांत सैल जागा इतकी आहे की ओव्हरलॅप मिळत नाही. आता चौकट अशी दिसते:

```
१   · · · · · · · ·
२   · · · ■ · · · ·
३   · · · ■ · · · ·
४   · · · ■ · · · ·
५   · · ■ ■ ■ ■ · ·
६   · · ■ ■ ■ · · ·
७   · · · ■ · · · ·
८   · · · · · · · ·
```

इथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. १० घरांच्या ओळीत ‘२ ३’ असे अंक आहेत असे समजा. डावीकडे सरकवल्यावर १–२ आणि ४–६ ही घरे भरतात, उजवीकडे सरकवल्यावर ५–६ आणि ८–१०. घर ५ आणि ६ दोन्ही वेळा भरलेली दिसतात, पण एकदा ती तीनच्या गटातली आहेत आणि एकदा दोनच्या. हा ओव्हरलॅप नव्हे. दोनचा गट १–२ मध्ये आणि तीनचा ८–१० मध्ये ठेवला तर ५ आणि ६ रिकामी राहतात. सामाईक घर मोजायचे ते त्याच गटाचे. सैल जागेचा हिशोब (१० − ६ = ४) केला असता ही चूक झालीच नसती.

फुल्या: गटाची पोच

भरलेली घरे दिसतात म्हणून आपण त्यांच्यामागे धावतो. पण खरे काम पुष्कळदा रिकाम्या घरांवरच्या फुल्या करतात. वरच्या चौकटीत बरेच जण अडकतात ते फुल्या न मारल्यामुळे.

ओळ ३ मध्ये तीनचा एकच गट आहे आणि घर ४ त्यात आहे. म्हणजे तो गट डावीकडे फार तर घर २ पर्यंत आणि उजवीकडे ६ पर्यंत पोहोचेल. घर १, ७, ८ वर फुली. ओळ ७ मध्येही हेच घडते. ओळ ६ च्या पाचच्या गटाची ३ ते ५ घरे ठरली आहेत, त्यामुळे तो घर ७ च्या पुढे जाऊ शकत नाही. घर ८ वर फुली. स्तंभ ५ मध्ये चारचा गट ओळ ५–६ ला धरून आहे, त्याची पोच ३ ते ८, म्हणून ओळ १ व २ वर फुली. स्तंभ ६ च्या तीनच्या गटाची पोच ओळ ३ ते ७, म्हणून ओळ १, २ आणि ८ वर फुली.

फट

आता फुल्यांच्या मध्ये उरलेल्या मोकळ्या जागा पाहा. एखादी फट त्या ओळीतल्या सर्वांत लहान गटापेक्षाही लहान असेल, तर ती पूर्ण फुल्यांनी भरायची.

स्तंभ ८ मध्ये दोनचा गट आहे. ओळ ३, ६, ७ वर फुल्या आहेत. ओळ ८ ची फट एकाच घराची, तिथे दोन मावत नाहीत, फुली. स्तंभ ७ मध्येही तळाच्या घराची तीच गत. उरल्या स्तंभ ८ च्या दोन फटी: ओळ १–२ आणि ओळ ४–५. दोन्ही नेमक्या दोन घरांच्या आहेत, म्हणजे इथे स्तंभ ८ स्वतःहून काही सांगत नाही.

नेमक्या याच जागी ‘वर ठेवून बघू या’ असा मोह होतो. त्याऐवजी आडवे बघा. ओळ १ मध्ये तीनचा गट आहे, आणि घर ५ व ६ वर फुल्या आहेत. उजवीकडे फक्त घर ७–८ ची फट राहिली, तिच्यात तीन मावत नाहीत. दोन्हींवर फुली. आता स्तंभ ८ च्या वरच्या फटीत एकच घर उरले, म्हणून तेही फुली, आणि दोनचा गट ओळ ४–५ मध्ये पक्का. एका ओळीतली फट बंद झाली आणि तिने आडव्या दिशेने दुसरी बंद केली. कोडे बहुतेक वेळा असेच पुढे सरकते.

कड

चौकटीच्या कडेला लागून भरलेले घर मिळाले की त्या टोकाचा गट तिथूनच सुरू होतो, त्याला सरकायला जागाच नसते. ओळ ५ मध्ये घर ८ भरले, म्हणून सहाचा गट ३ ते ८. घर १–२ वर फुली. ओळ ४ मध्ये घर ८ भरले. उजवीकडून पहिला अंक १ आहे, म्हणजे हा गट तिथेच संपला आणि घर ७ वर फुली.

त्या एका फुलीने स्तंभ ७ सुटतो: दोनचा गट ओळ ५ ला धरून आहे आणि वर जाता येत नाही, म्हणून ओळ ५–६. आता ओळ ६ मध्ये घर ७ भरले, तेव्हा पाचचा गट ३ ते ७ आणि घर १–२ वर फुली.

स्तंभ २ मध्ये ओळ ५–६ वर फुल्या आल्या. खालच्या ओळ ७–८ च्या फटीत तीन मावत नाहीत. वरच्या चार घरांत तीनचा गट, सैल जागा १, म्हणून ओळ २ आणि ३ भरल्या. ओव्हरलॅप पुन्हा उपयोगी पडला, कारण फुल्यांनी स्तंभ आखूड केला. ओळींची मूळ लांबी धरूनच हिशोब करणारे लोक इथे थांबतात. मोजायची असते ती मोकळी उरलेली फट.

पुढचे झपाट्याने होते. ओळ ३ चा गट २ ते ४. ओळ २ मध्ये घर २ आणि ४ भरलेली आहेत व अंक ‘२ १’ आहेत. दोनच्या गटात दोन्ही मावत नाहीत, म्हणून घर ४ हा एकचा गट, घर ३ फुली आणि दोनचा गट १–२. स्तंभ १ संपला. ओळ १ मध्ये घर १ वर फुली आल्यामुळे तीनचा गट २ ते ४ एवढ्याच फटीत बसतो. स्तंभ ३ मध्ये एकचा गट ओळ १ ला, आणि ओळ २ च्या फुलीला लागून चारचा गट ओळ ३ ते ६. फुलीही कडेसारखीच असते. ओळ ४ चा दोनचा गट ३–४. स्तंभ ४ चे सात ओळ १ ते ७ मध्ये पूर्ण. ओळ ७ मध्ये घर २–३ वर फुल्या, म्हणून गट ४ ते ६. स्तंभ ५ चे चौथे घर ओळ ८ मध्ये.

```
१   × ■ ■ ■ × × × ×
२   ■ ■ × ■ × × × ×
३   × ■ ■ ■ × × × ×
४   × × ■ ■ × × × ■
५   × × ■ ■ ■ ■ ■ ■
६   × × ■ ■ ■ ■ ■ ×
७   × × × ■ ■ ■ × ×
८   × × × × ■ × × ×
```

चोच डावीकडे असलेले बदक. पाय एकच दिसतो, तो चालवून घ्या.

मग अंदाज केव्हा?

स्तंभ ८ कडे परत जाऊ. तिथे कोणी गट वर ठेवून पाहिला असता तर ओळ १ चे घर ८ भरले असते, कडेमुळे घर ६–८ भरावी लागली असती, पण घर ६ वर फुली आहे. विरोध लगेच दिसला असता. म्हणजे अंदाजाने मिळाले ते फटीनेही मिळत होते, फक्त खोडरबर लागला असता. आणि कोणी गट खाली ठेवून पाहिला असता तर कोडे सुटले असते, पण उत्तर एकमेव आहे की नाही हे कळले नसते.

सर्व कोडी मात्र एकेक ओळ पाहून सुटत नाहीत. नोनोग्राम सामान्य रूपात ‘एनपी-कम्प्लीट’ आहे, हे उएदा आणि नागाओ यांनी १९९६ मध्ये दाखवले. म्हणजे प्रत्येक कोडे झटपट सोडवणारी रीत आजवर कोणालाही ठाऊक नाही. शेवटची फुली मारल्यानंतर तिच्या आडव्या आणि उभ्या दोन्ही ओळी तपासल्या, पूर्ण एक फेरी झाली आणि एकही घर बदलले नाही, तर पारख करावी. तेव्हा कडेजवळचे, जिथून दोन-तीन पावलांत विरोध दिसेल असे एकच घर घ्या, फिकट टिंबाने खूण करा. विरोध आला तर उलट खूण पक्की होते. विरोध न येता वाट लांबत गेली तर टिंबे पुसून दुसरे घर घ्या; ‘जमते आहे’ म्हणून तीच वाट पक्की करू नका. चूक पुष्कळदा तीस घरे पुढे गेल्यावर उघड होते आणि तेव्हा ती कुठे शिरली ते शोधता येत नाही.

कधीकधी पारखही निष्फळ ठरते. २ × २ चे कोडे घ्या, चारही अंक १. एक कर्ण भरा किंवा दुसरा, दोन्ही उत्तरे बरोबर. मोठ्या कोड्यातही अशी जागा दडलेली असू शकते: दोन ओळी, दोन स्तंभ, कर्णावरची दोन सुटी घरे, आणि ती दुसऱ्या कर्णावर नेली तरी कोणताच अंक बदलत नाही. शेवटी अशी चारच घरे उरली तर तुमच्या रीतीत चूक नाही, कोडे रचणाऱ्याने तपासलेले नाही.