ठोकळा बुडेल की तरंगेल?

थ्रीडी प्रिंटरवर छापलेला एखादा ठोकळा कधी हातात घेतला आहे का? दिसायला चांगला टणक, ठोकून पाहिला तरी घट्ट, पण उचलला की एकदम हलका! कारण तो आतून बराचसा रिकामा असतो. प्रिंटर बाहेरचं भरीव कवच बनवतो आणि आत प्लास्टिकच्या रेषांची एक जाळी विणतो. ही जाळी वरचं छत कोसळू देत नाही आणि ठोकळा दाबला तरी चेपू देत नाही. या जाळीला म्हणतात इनफिल. जाळी किती दाट हवी, ते आपण टक्क्यांत सांगायचं. २० टक्के इनफिल म्हणजे आतल्या जागेचा पाचवा हिस्सा प्लास्टिक आणि बाकी सगळी हवा.

आता गंमत अशी, की ठोकळा छापण्याआधीच त्याचं वजन कागदावर काढता येतं. चला, काढूया.

आपला ठोकळा सगळीकडून ४ सेंटीमीटरचा आहे. ४ × ४ × ४ म्हणजे घनफळ झालं ६४ घन सेंटीमीटर. प्लास्टिक आहे पीएलए. मक्याच्या स्टार्चपासून किंवा उसाच्या साखरेपासून हे तयार करता येतं आणि शाळांतल्या प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. एक घन सेंटीमीटर पाण्याचं वजन १ ग्रॅम, तर तेवढ्याच पीएलएचं १.२४ ग्रॅम. म्हणजे ठोकळा पूर्ण भरीव असता, तर ६४ × १.२४, म्हणजे सुमारे ७९ ग्रॅम भरला असता.

इनफिल २० टक्के ठेवलं तर? चटकन उत्तर सुचतं : ७९ चे २० टक्के, म्हणजे १६ ग्रॅम. पण ठोकळा छापून वजनकाट्यावर ठेवा. काटा २५ ग्रॅमच्या आसपास थांबेल! हे जास्तीचे नऊ ग्रॅम कुठून आले?

ते आले कवचातून. २० टक्क्यांचा हिशेब फक्त आतल्या जागेला लागू होतो. कवच मात्र शंभर टक्के भरीव असतं. प्रिंटरच्या नोझलमधून वितळलेल्या प्लास्टिकची अर्धा मिलिमीटर रुंद रेष बाहेर पडते असं धरू. अशा दोन रेषा शेजारी शेजारी फिरवल्या की भिंत झाली १ मिलिमीटर जाड. तळ आणि छतही तेवढंच जाड करायचं, तर ०.२ मिलिमीटरचे पाच थर एकमेकांवर पूर्ण भरून छापायचे.

आता नीट हिशेब करू. दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर कवचात गेला, म्हणून आतली पोकळी ४ नव्हे, ३.८ सेंटीमीटरची. ३.८ × ३.८ × ३.८ म्हणजे साधारण ५४.९ घन सेंटीमीटर. ६४ मधून ते वजा केले की उरलेले ९.१ म्हणजे कवच. पोकळीत जाळी २० टक्के, म्हणजे ११ घन सेंटीमीटर प्लास्टिक. कवच आणि जाळी मिळून झाले २०.१. त्याला १.२४ नं गुणा. उत्तर येतं २४.९ ग्रॅम. जुळलं की नाही काट्याशी!

हाच हिशेब आता इवल्याशा, १ सेंटीमीटरच्या ठोकळ्यासाठी करा. कवच तेच, १ मिलिमीटर. इनफिल तेच, २० टक्के. आतली पोकळी ०.८ सेंटीमीटरची, म्हणजे ०.५१ घन सेंटीमीटर. कवच ०.४९, जाळी ०.१०, एकूण ०.५९. वजन पाऊण ग्रॅमच्या जरा आत. भरीव असता तर वजन १.२४ ग्रॅम झालं असतं. म्हणजे ‘२० टक्के’ म्हणवणारा हा चिमुकला प्रत्यक्षात ५९ टक्के भरलेला आहे! मोठा ठोकळा ३१ टक्के भरला होता. आणि १० सेंटीमीटरचा ठोकळा घेतलात, तर तो जेमतेम २५ टक्के भरलेला निघेल.

असं का होतं? लिंबाला कलिंगडाएवढी जाड साल दिली, तर आत रसाला जागा किती उरेल? तसंच हे. वस्तू लहान होत गेली तरी कवच मात्र तितकंच जाड राहतं, म्हणून लहान वस्तूत कवचाचं राज्य आणि मोठ्या वस्तूत जाळीचं.

म्हणून वजन कमी करायचं असेल, तर आधी वस्तूचा आकार बघायचा. चार सेंटीमीटरच्या ठोकळ्यात इनफिल दुप्पट केलं, २० चं ४०, तर वजन साडेतेरा ग्रॅमनी वाढतं. कवच दुप्पट, म्हणजे २ मिलिमीटर केलं, तर फक्त आठ ग्रॅमनी. चिमुकल्या ठोकळ्यात मात्र उलटं! तिथे इनफिल दुप्पट केलं तर ०.१३ ग्रॅम वाढतात आणि कवच दुप्पट केलं तर ०.२९. आणि वस्तू २ मिलिमीटरच जाड असेल, समजा किल्लीला अडकवायची चपटी पट्टी, तर वरचं आणि खालचं कवच एकमेकांना चिकटतं. मधे पोकळीच उरत नाही. तिथे इनफिल ५ टक्के ठेवा नाहीतर ९५, वजनात काही फरक पडणार नाही.

ससा, गणपती, गाडी अशा वेड्यावाकड्या आकारांचा हिशेब हातानं करणं कठीण. ते काम स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते मॉडेलचे आडवे पातळ काप करतं, प्रत्येक कापात नोझल कुठून कुठे जाईल ते ठरवतं आणि एकूण किती फिलामेंट लागेल ते मोजतं. फिलामेंट म्हणजे प्रिंटरला लागणारी रिळावरची प्लास्टिकची तार. ती १.७५ मिलिमीटर जाड असली, तर एक मीटर पीएलए जवळपास ३ ग्रॅम भरतं. म्हणजे आपल्या ठोकळ्यात सव्वाआठ मीटरहून थोडी जास्त तार गेली.

तरीही काट्यावर कधी कधी वेगळा आकडा येतो. तार १.७५ ऐवजी १.७० मिलिमीटर निघाली, तर प्लास्टिक साडेपाच टक्क्यांनी कमी पडतं आणि २४.९ ग्रॅमचा ठोकळा २३.५ ग्रॅमच भरतो. मग छतावर रेषांमध्ये बारीक फटी दिसतात का ते बघायचं. उलट, स्लायसरचा आकडा ठोकळ्यापेक्षा बराच जास्त असेल, तर त्यात अधांतरी भागांना दिलेले टेकू आणि तळाभोवतीची झालर धरलेली असते. छापून झाल्यावर आपण ती काढून टाकतो.

आता एक कोडं. ४ सेंटीमीटरचा ठोकळा पाण्यात पूर्ण बुडाला, तर ६४ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. म्हणून तो ६४ ग्रॅमपेक्षा हलका असेल तर तरंगेल, जड असेल तर बुडेल. कवच १ मिलिमीटरच ठेवा आणि इनफिल वाढवत न्या. ७० टक्क्यांवर वजन येतं ५९ ग्रॅम, म्हणजे तरंगणार. ८५ टक्क्यांवर ६९ ग्रॅम, म्हणजे बुडणार. मग नेमका कितव्या टक्क्याला तो बुडायला लागेल? वरच्याच पायऱ्या उलट्या चढलात की उत्तर ७७ च्या जवळ येईल. करून बघायचं असेल तर ठोकळा पाण्यात सोडल्या सोडल्या बघा, कारण थरांमधल्या बारीक फटींतून पाणी हळूहळू आत झिरपतं. आणि ७७ टक्क्यांचाच ठोकळा छापलात, तर तो तरंगेल की बुडेल, हे तार किंचित जाड आहे की किंचित बारीक, यावर ठरेल.