दाता मुळातूनच का तुटतो?

तुटलेला गिअर हातात घेतला की पाहावं, दाता कुठून गेला आहे. तो बहुधा टोकाशी तुटलेला नसतो. मुळाशी, जिथे तो चाकाच्या अंगातून बाहेर येतो, तिथून निघालेला असतो.

असं का होतं, याचा हिशेब विल्फ्रेड लुईस या अमेरिकी इंजिनिअरने 1892 मध्ये फिलाडेल्फियात मांडला. त्याने दात्याला भिंतीतून बाहेर आलेल्या छज्जासारखं मानलं. एक टोक पक्कं, दुसरं मोकळं आणि सगळा भार मोकळ्या टोकावर. छज्जाच्या कडेला उभं राहिलं की सर्वात जास्त वाकवणारा जोर भिंतीलगत येतो, तसंच इथेही.

एक साधा गिअर घेऊ. 20 दाते, मोड्यूल 3, म्हणजे पिच वर्तुळाचा व्यास 60 मिमी. गिअरची रुंदी 30 मिमी. मिनिटाला 960 फेऱ्यांनी तो 3 किलोवॅट शक्ती देत असेल, तर दात्यावर सुमारे 1000 न्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलो वजनाइतका जोर येतो. तो टोकाला, मुळापासून 6 मिमी वर लागतो असं धरू. मुळाशी दात्याची जाडीही जवळपास 6 मिमी. जोर गुणिले उंची 6000. याला रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले 6, म्हणजे 180 ने भागलं, की ताण निघतो दर चौरस मिमीला 33 न्यूटन.

यात जाडीचा वर्ग येतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जाडी 6 ऐवजी 5 झाली, तर ताण 48 वर जातो. कमी दात्यांच्या पिनियनचं मूळ बारीक असतं, म्हणून एकाच धातूची जोडी असली तर आधी पिनियनचा दाता जातो. पिनियनला सरस पोलाद वापरतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

33 हा आकडा पोलादासाठी फार कमी वाटतो. पण तो पुरा नाही. फिरताना दाते एकमेकांवर आदळतात. या वेगाला त्यासाठी ताण साधारण दीडपट धरतात. मुळाच्या कोपऱ्यात गोलाई कमी असेल, तर तिथे ताण आणखी गोळा होतो. शिवाय उंची आणि जाडी सारखीच असलेला हा आखूड दाता खरा छज्जा नव्हेच, त्यामुळे हे उत्तर अंदाजाचंच. जोर मात्र बहुतेक वेळ दोन दात्यांत वाटला जातो, ही सूट लुईसने मुद्दाम धरली नाही.

प्रत्येक दाता मिनिटाला 960 वेळा वाकतो. आठ तासांच्या पाळीत साडेचार लाखांवर. त्यामुळे जोर लागणाऱ्या बाजूच्या मुळाशी, जिथे धातू ओढला जातो, तिथे केसाएवढी चीर सुरू होते. लाल डाय लावून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर फवारला की ती लाल रेघ होऊन दिसते.

आणि तुटल्यावर? तुटीचा पृष्ठभाग पाहावा. एका बाजूला गुळगुळीत, ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या वळणरेषा आणि उरलेला भाग खरबरीत असेल, तर चीर सावकाश वाढलेली असते. सगळाच खरबरीत असेल, तर तो एका झटक्यात गेला.