पृथ्वीचं वस्तुमान सहा हजार किलो?

भौतिकशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटी स्थिरांकांचा तक्ता असतो. त्यात पृथ्वीचं वस्तुमान 5.97 × 10²⁴ किलोग्रॅम असं छापलेलं असतं. मोबाइलने त्या पानाचा फोटो काढून त्यातला मजकूर कॉपी केला, की डोक्यावरचा बारीक 24 बऱ्याचदा खाली उतरतो आणि स्प्रेडशीटमध्ये 5.97 × 1024 एवढंच पोहोचतं. आकडे सगळे जागेवर असतात, फक्त घात नाहीसा झालेला असतो.

स्प्रेडशीट याला संख्या मानत नाही, मजकूर समजून सेलच्या डाव्या कडेला ठेवते. तिथे घाई झाली की घोळ होतो. गुणिलेच्या जागी तारा टाकून समोर बरोबरचं चिन्ह दिलं, तर उत्तर येतं 6113.28. इलेक्ट्रॉनच्या 9.11 × 10⁻³¹ चं असंच =9.11*10-31 केलं, तर 60.1. म्हणजे पृथ्वी सहा टनांची आणि इलेक्ट्रॉन साठ किलोचा! स्प्रेडशीट मात्र चूक दाखवत नाही, कारण तिच्या दृष्टीने गणित बरोबरच असतं.

दहाचा घात स्प्रेडशीटला E या अक्षराने कळतो. 5.97E24 म्हणजेच 5.97 × 10²⁴. त्यामुळे मजकुरातल्या ×10 च्या जागी E बसवला की काम होतं, कारण त्या 10 च्या पुढे उरतो तो घातांकच. मजकूर A2 मध्ये असेल, तर शेजारच्या सेलमध्ये हे सूत्र लिहावं:

```
=VALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(A2," ",""),UNICHAR(8722),"-"),"×10","E"))
```

सूत्र आधी मोकळ्या जागा काढतं, मग छापील लांब उणे चिन्हाच्या जागी कीबोर्डवरचं साधं उणे आणतं आणि शेवटी E बसवतं. फोटोतून × ऐवजी इंग्रजी x आला असेल, तर तो आधी शोधून बदलून घ्यावा. उत्तर सेलच्या उजव्या कडेला गेलं, की संख्या तयार झाली असं समजावं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सूत्राला पकडता येत नाही. फोटो अंधुक असला तर घातावरचं इवलंसं उणे चिन्हच गळतं आणि 10⁻³¹ चं 1031 होतं. तपासणीसाठी =INT(LOG10(B2)) लिहिलं, की घातांक वेगळा दिसतो. तो फोटोशी ओळीओळीने ताडून पाहायलाच हवा. नुसता 10⁶ छापलेला असेल, तर त्याचा 106 होतो आणि तो खऱ्या एकशे सहापासून वेगळा ओळखू येत नाही. अशी नोंद हाताने 1E6 अशीच भरावी.

मग साध्या आकड्यांत दाखवण्यासाठी सेलचं स्वरूप Number करावं. पृथ्वीची संख्या 5970000000000000000000000 अशी उलगडते. #### दिसलं तर स्तंभ रुंद करावा. इलेक्ट्रॉनच्या सेलमध्ये मात्र 0.00 दिसेल. एक्सेल दशांशचिन्हानंतर जास्तीत जास्त ३० स्थळं दाखवतं आणि इथला पहिला अंक एकतिसाव्या स्थळावर आहे. सेलमधली खरी किंमत तशीच शाबूत असते, त्यामुळे ते शून्य पाहून ती ओळ पुसू नये. तिचं स्वरूप Scientific ठेवावं.