वळण चुकले, तरी वाट चुकत नाही

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर लोणावळ्याचे कुसगाव वळण मागे पडल्याचे लक्षात येताच अनेक चालक गाडी कडेला घेऊन मागे रेटू लागतात. हा मोह प्राणघातक ठरू शकतो. वळण २०० मीटर मागे असेल, तर ताशी १० किलोमीटर वेगाने मागे येण्यास ७२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी दोन किलोमीटर अंतर कापते. तिच्या चालकाला समोरची गाडी उलट येत असल्याचे फार उशिरा उमगते. दुभाजकातील मोकळी जागाही सामान्य वाहनांना वळण्यासाठी नसते.

अशा वेळी वेग न मोडता पुढे जावे, फलक पाहून वेळीच डावी मार्गिका धरावी आणि उर्से टोलनाक्याजवळ तळेगावकडे बाहेर पडावे. मात्र बाहेर पडताच वळण्याची घाई करू नये. उताराच्या तोंडाशी वा टोलनाक्यासमोर गाडी थांबवली, तर मागून येणाऱ्या गाड्यांची वाट अडते. तेथून फलकांच्या आधारे जुना मुंबई-पुणे महामार्ग गाठावा. दिशेबद्दल शंका असल्यास पेट्रोल पंपाच्या आवारात थांबून नकाशा पाहावा.

जुन्या महामार्गाने वडगाव, कामशेत, कार्ला असे करीत लोणावळ्याला परतता येते. या चुकीची किंमत तासाभराचा वेळ आणि थोडे इंधन एवढीच राहते.